रात्रीची खीर सकाळी: महालक्ष्मीच्या जेवणानंतर उरलेल्या तांदळाच्या खिरीचं काय करायचं

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, चुलबंद नदीच्या बाजूला. धानाचा पट्टा असल्यानं महालक्ष्म्यांच्या जेवणात पुरणपोळी आणि आंबिलीसोबत तांदळाची खीर असतेच. काही वर्षांपूर्वी ६० पानांसाठी मी १५ लिटर दुधाची खीर केली होती. कमी पडू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. पंगती उठल्या तेव्हा गंजात साधारण ८ लिटर खीर शिल्लक होती. गंजावर झाकण घातलं, वर ओला फडका टाकला आणि तो देवघराच्या कोपऱ्यात ठेवून दिला. सकाळी खीर उकळली आणि साडेसातला निंदणाला निघालेल्या बायांना वाटीवाटीनं दिली. साडेनऊपासून बांधावर उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत ११ जणी पडल्या होत्या. रात्री हीच खीर गरम गरम खाल्लेल्या ६० जणांपैकी एकालाही काही झालं नव्हतं.

खीर आंबली नव्हती, वासही आला नव्हता. मी स्वतः चाखून पाहिली होती आणि वाटायच्या आधी खळखळून उकळलीही होती. म्हणजे आपण ज्या तीन गोष्टींवर विसंबतो, त्या तिन्ही केल्या होत्या. तरीही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या घरी हेच होतं, म्हणून सगळा क्रम लिहून काढते आहे. आधी कारण नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या पायऱ्या उगाच कटकट वाटतील.

## आधी हे कळू द्या: वास का येत नाही आणि उकळून का भागत नाही

कच्चं दूध बाहेर राहिलं की आंबतं, कारण त्यात आंबवणारे जिवाणू असतात. खीर करताना आपण दूध तासभर आटवतो, तेव्हा ते सगळे मरतात. त्यामुळे खीर लवकर आंबत नाही आणि आपल्याला वाटतं ती टिकली. खरं तर नासण्याची खूण देणाराच त्यात उरलेला नसतो.

एक मात्र उरतो. त्याचं नाव बॅसिलस सिरियस. हा मातीतला जिवाणू आहे. धानासोबत तो तांदळात येतो, गोठ्यातल्या धुळीतून आणि चाऱ्यातून दुधातही येतो. त्रास होऊ लागला की तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो, बी असावं तसं. ही बीजं खिरीच्या उकळीला दाद देत नाहीत. खीर कोमट झाली की ती उगवतात. तीस ते चाळीस अंशांच्या उबेत दर अर्ध्या तासाच्या आत त्यांची संख्या दुप्पट होते. पाच तासांत एकाचे हजार होतात.

वाढता वाढता तो खिरीत एक विष सोडतो. उलट्या होतात त्या या विषानं. सकाळच्या उकळीत जिवाणू मरतात, पण विष तसंच राहतं. तासभर उकळलं तरी ते जात नाही. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही.

साखर घातल्यामुळे खीर टिकते, हाही गैरसमज आहे. मुरांब्यात साखर इतकी असते की जिवाणूला पाणीच मिळत नाही. खिरीत लिटरला जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर असते. तेवढ्यानं त्याचं काही अडत नाही.

ध्यानात ठेवा: शिळ्या खिरीचा निकाल नाक, जीभ आणि चूल यांच्यावर सोडायचा नाही. तो घड्याळावर सोडायचा.

## पायरी १: आदल्या दिवशी माप ठरवा

निम्मी चूक इथेच होते. पानात पुरणपोळी, वडे, सोळा भाज्या आणि आंबील असताना माणूस खीर किती खाणार? मी पुढच्या वर्षी वाढताना मोजलं. एका पानाला सरासरी १२० मिलिलिटरच्या वर खीर जात नाही. लहान मुलं निम्मी टाकतात आणि एखादा हौशी तीन वाट्या ओढतो, ते सगळं या सरासरीत आलं.

६० पानांना १२० मिलिलिटर म्हणजे ७ लिटरच्या थोडं वर. त्यावर हात राखून लिटरभर धरा. साडेआठ लिटर खिरीला माझं माप असं आहे: ९ लिटर दूध, ६०० ग्रॅम तांदूळ आणि सव्वा किलो साखर. आटून बरोबर तेवढी होते. आमच्याकडचा चिन्नोर मिळाला तर उत्तम, नाहीतर एचएमटीची कणी घ्या. कणी लवकर शिजते, आणि पुढच्या पायरीत तेच कामाला येतं.

१५ लिटर दूध आधीच सांगून ठेवलं असेल तर नको म्हणू नका. फक्त सगळ्याची खीर करू नका.

तपासा: ज्यांच्या घरी फ्रीज नाही आणि बर्फही मिळणार नाही, त्यांनी खीर उरलीच नाही पाहिजे अशा मापानं करावी. अशा घरात रात्रीची खीर सकाळपर्यंत सुरक्षित ठेवायचा कोणताही उपाय नाही. पाण्यात ठेवलेला गंज, माठाशेजारची जागा, उघडी ओसरी यांपैकी कशानंही काम होत नाही. का, ते चौथ्या पायरीत येईल.

## पायरी २: खीर दोन घाणांत करा

तांदूळ सकाळी भिजत घालून संध्याकाळपर्यंत ठेवायची सवय आहे. ती सोडा. ओल्या, कोमट तांदळात तीच बीजं दिवसभर उगवत बसतात. दोन-तीन पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा, तुपावर परता आणि लगेच दुधात सोडा.

खीर पंगतीच्या वेळेला धरून शेवटी करायची. दुपारी दोनला करून मोकळं व्हायचं आणि आठला वाढायची, ही दुसरी मोठी चूक. नैवेद्याला लवकर लागते म्हणून बऱ्याच घरी असं होतं. त्यासाठी अर्धा लिटर दुधाची वेगळी खीर छोट्या गंजात करा आणि नैवेद्य दाखवा. पंगतीची खीर संध्याकाळी सहाच्या पुढे चढवा.

पहिला घाणा दोन तृतीयांश दुधाचा. ९ लिटरपैकी ६ लिटरची खीर करायची आणि ३ लिटर दूध उकळून, मंद आचेवर गरमच ठेवायचं. कणी तुपावर परतून कोरडी डब्यात भरून ठेवा. पहिली पंगत बसली की गंजात किती खीर आहे आणि दारात किती माणसं आहेत ते पाहा. लागणार असेल तर दुसरा घाणा टाका. कणीची खीर आणि दूध आधीच गरम, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात ती तयार होते.

लागणार नसेल तर ते ३ लिटर दूध कोमट करा आणि त्याच रात्री विरजण लावा. दह्यात आंबटपणा लवकर चढतो आणि त्या आंबटपणात हा जिवाणू वाढत नाही. खिरीला हे संरक्षण मिळत नाही. तेच दूध खीर झालं तर सकाळी फेकावं लागतं, दही झालं तर कढीला लागतं. उरलेली कणी कोरडी आहे, ती आठवडाभर कुठे जात नाही.

काजू, चारोळी, खोबरं, वेलची हे सगळं खीर चुलीवर असतानाच घाला आणि त्यानंतर पाच मिनिटं उकळी येऊ द्या. खाली उतरवल्यावर वरून हातानं पसरलेलं खोबरं दिसायला छान दिसतं, पण हाताचे जंतू घेऊन येतं. बोटाला कापलेलं असेल किंवा फोड आला असेल, तर त्या माणसानं खोबरं किसायला आणि वेलची कुटायला बसू नये. जखमेतला स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू दुधाच्या गोड पदार्थात झपाट्यानं वाढतो, आणि त्याचंही विष उकळून जात नाही.

## पायरी ३: पंगत चालू असेपर्यंत खीर गरमच हवी

६० अंशांच्या वर हा जिवाणू वाढू शकत नाही. म्हणून वाढून होईपर्यंत गंज चुलीवरून उतरवायचा नाही. लाकडं ओढून घ्या, निखारे राहू द्या आणि दर दहा मिनिटांनी डावानं बुडापासून ढवळा. लागेल म्हणून लोक गंज खाली उतरवतात. त्यापेक्षा वाटीभर गरम दूध घालून खीर सैल करा.

थर्मामीटर असेल तर बरंच. अन्नात खुपसायचा, काडीचा मिळतो, फार महाग नाही. नसेल तर ही परीक्षा करा: डावानं ढवळल्यावर ठळक वाफ निघाली पाहिजे, आणि स्टीलच्या वाटीत घेतलेली खीर तळहातावर धरवली नाही पाहिजे. वाटी निवांत धरता येत असेल तर खीर ६० च्या खाली गेली आहे.

सावधान: वाढप्याच्या बादलीत उरलेली खीर परत गंजात ओतू नका. ती तासभर अंगणात फिरलेली असते, लोकांच्या ताटांवरून गेलेली असते. बादली छोटी घ्या आणि ती रिकामी झाली की भरा.

## पायरी ४: पंगत उठल्यावरचे दोन तास

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायचं, आणि नेमका इथेच सगळ्यांचा जीव थकलेला असतो. भांडी पडलेली, पाहुणे निघालेले, त्यात लाईन गेलेली. गंजावर झाकण पडतं आणि आपणही पडतो.

त्या घटनेनंतर मी मुद्दाम करून पाहिलं. तेवढीच खीर, तोच गंज, तीच जागा. रात्री साडेनऊला खाली उतरवली तेव्हा मधोमध ८५ अंश. साडेअकराला ६०. साडेबाराच्या सुमारास ५०. पावणेतीनला ४०. सकाळी सहाला खोलीत २८ होतं आणि गंजाच्या पोटात ३३. वरची साय हाताला थंड लागत होती, म्हणून आपण समजतो की खीर निवली. आत मात्र ती रात्रभर कोंबडीच्या पोटाखालच्या अंड्यासारखी उबेत होती. पन्नास अंशांच्या खाली आली की जिवाणू कामाला लागतो. म्हणजे साडेबारापासून सकाळी साडेसातपर्यंत त्याला सलग सात तास मिळाले.

झाकण आणि ओला फडका यांनी ही ऊब आणखी धरून ठेवली. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही हेच होतं, कारण बाहेर दहा अंश असले तरी आठ लिटरच्या गंजाच्या पोटापर्यंत ती थंडी पोचायला रात्र जाते. खोल भांडं सावकाश निवतं, पसरट लवकर. उरलेली खीर वाचवायची सगळी युक्ती एवढ्यातच आहे.

खीर ठेवायचीच असेल तर क्रम असा:

अ. चुलीवरून उतरवल्याची वेळ बघा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. तिथून दोन तासांत खीर फ्रीजमध्ये गेली पाहिजे. अक्षय तृतीयेसारख्या सणाला, जेव्हा रात्रीही अंगाची लाही होते, तेव्हा हे दोन तास धरू नका, एकच धरा.

आ. सगळ्यात आधी वाटून टाका. रात्रीच, गरम असताना. शेजारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बाया. देताना सांगा, "आता जेवणासोबतच संपवा, सकाळला ठेवू नका." हे वाक्य गाळू नका, नाहीतर आपली शिळी खीर दुसऱ्याच्या घरी जाऊन होते.

इ. उरलेली खीर धुतलेल्या, कोरड्या परातींत ओता. जाडी दोन बोटांपेक्षा जास्त नको. चार लिटरला एक मोठी परात पुरते. परात पाण्याच्या टबात ठेवा, पाणी काठाच्या खाली राहील एवढंच. स्वच्छ डावानं ढवळत राहा. वर मलमलचा फडका धरा, झाकण नको. वीस-पंचवीस मिनिटांत खीर वाफेवरून कोमटावर येते. टबातलं पाणी गरम झालं की बदला.

ई. विहिरीच्या किंवा बोरिंगच्या पाण्यानं खीर तीस-बत्तीस अंशांपर्यंत येते आणि तिथेच थांबते, कारण पाणीच सव्वीस-सत्तावीस अंशांचं असतं. बरेच जण इथे काम झालं म्हणून झोपायला जातात. पण हीच जिवाणूच्या सगळ्यात आवडीची ऊब! म्हणून लगेच पाण्यात बर्फ टाका. चार लिटर खिरीला तीन किलोच्या आसपास बर्फ लागतो. तो टबातच टाकायचा, खिरीत कधीच नाही. तालुक्याहून आणलेली लादी कुठल्या पाण्याची आहे आणि कुठल्या पोत्यात गुंडाळून आली, ते आपल्याला ठाऊक नसतं.

बर्फ मिळत नसेल तर दोन दिवस आधी लिटर-लिटरच्या पाण्याच्या बाटल्या मुठीएवढी जागा सोडून भरा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. छोट्या फ्रीजमध्ये दोन-तीनच मावतात. शेजारच्या दोन घरी तशाच ठेवायला सांगितल्या की काम होतं. त्या रात्री बाहेरून धुऊन टबात सोडायच्या.

उ. गार झालेली खीर चपट्या डब्यांत भरा, दीड लिटरच्या वर एका डब्यात नको. डबे एकमेकांवर न रचता फ्रीजच्या जाळीवर, मध्ये फट ठेवून मांडा. थंडगार होईपर्यंत झाकण अर्धवट ठेवा, मग घट्ट लावा. अख्खा गंज फ्रीजमध्ये सरकवला तर तो सकाळपर्यंत कोमटच राहतो आणि बाजूचं दूध-दहीही तापवतो.

ऊ. डब्यावर वेळ लिहा. चिकटपट्टी आणि पेन पुरतं. सकाळी कोणीतरी विचारतंच, "हे कधीचं होय वं?" आणि तेव्हा कोणालाच आठवत नाही.

लाईनचं काय? फ्रीज बंद ठेवला, उघडझाप केली नाही, तर चार तास आतली थंडी टिकते. रात्री अकराला लाईन जाऊन सकाळी सहाला आली असेल, तर ती खीर बाहेर राहिलेल्या खिरीतच धरायची. कळायला सोपं जावं म्हणून मी फ्रीजमध्ये एका वाटीत बर्फाचे खडे ठेवते आणि त्यावर एक रुपयाचं नाणं. ही वाटी बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. सकाळी नाणं बर्फाच्या बुडाशी गेलेलं दिसलं तर रात्री बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, म्हणजे लाईन बराच वेळ नव्हती.

## पायरी ५: सकाळी, गंजासमोर उभं राहून

झाकण उघडायच्या आधी दोन प्रश्न विचारा. चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत ही खीर फ्रीजमध्ये गेली होती का? आणि रात्रभर फ्रीज थंड होता का? दोन्हींना "हो" असेल तर खीर काढा, लागेल तेवढीच वेगळी घ्या, बुडबुडे येईपर्यंत उकळा आणि त्याच दिवशी संपवा. एकदा गरम केलेली परत फ्रीजमध्ये ठेवायची नाही. एकाही प्रश्नाला "नाही" किंवा "माहीत नाही" असं उत्तर आलं तर ती खीर फेकायची.

वाद इथेच सुरू होतो. दुसऱ्या वर्षी पाहुण्याच्या घरून परत आलेली दोन लिटर खीर मी उकिरड्यावर न्यायला निघाले, तर आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. "काहून फेकून राहिली वं? वास तं नाही येऊन राहिला! लक्ष्मीचा प्रसाद होय." त्यांचं दुःख खरं होतं. दोन लिटर दूध म्हणजे काही कमी नाही. पण प्रसाद रात्रीच सगळ्यांच्या पोटात गेला होता. गंजात उरलं होतं ते साठवण चुकलेलं अन्न.

सकाळच्या या वेळी होणाऱ्या चुका मी वारंवार पाहते:

खिरीत ताजं दूध घालून पुन्हा आटवतात. विष आहे तिथेच राहतं, फक्त थोडं पसरतं आणि वाट्या वाढतात.

शिळी खीर आटवून बर्फीसारख्या वड्या थापतात. यात तर तेच विष घट्ट होतं.

आधी घरातलं एक माणूस खातं आणि "अर्धा तास बघू" म्हणतात. उलट्या अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही सुरू होतात, त्यामुळे अर्धा तास बघून काहीच कळत नाही.

नैवेद्याच्या ताटातली खीर प्रसाद म्हणून गंजातल्या खिरीत मिसळतात. ते ताट कालपासून उघड्यावर आहे. नैवेद्याला चमचाभरच वाढा आणि तेवढा त्याच संध्याकाळी घरच्यांनी वाटून घ्या.

वासराला किंवा कुत्र्याला घालतात. जनावराला हे विष बाधत नाही असं समजू नका. उकिरड्यात खड्डा करा, त्यात ओता, वर राख आणि माती टाका. उघडं टाकलं तर कोंबड्या आणि कुत्री तिथे जातातच.

खीर आंबूस लागली, फुटली किंवा डावाला तार सुटली तर ती फेकायची हे सगळ्यांना कळतं. धोका त्या खिरीचा कमी, कारण ती कोणी खात नाही.

## पायरी ६: कोणी खाल्लीच असेल तर

खाल्ल्यापासून अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा हेच विष. दुसरा प्रकार उशिरा येतो: आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि पातळ जुलाब. दोन्ही साधारण एका दिवसात उतरतात. त्या एका दिवसात अंगातलं पाणी टिकवायचं.

ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळतं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात, असला अंदाज नको. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा बोटानं सपाट करा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं द्या. एकदम ग्लास लावला की तो परत येतो. उलटी थांबवायची गोळी दुकानातून आणून मनानं देऊ नका.

या खुणा दिसल्या तर घरी थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा: सहा तासांत लघवी नाही, मूल झोपाळलेलं किंवा हाक मारूनही ओ देत नाही, उलटीत किंवा शौचात रक्त, डोळे पिवळे, ताप चढतो आहे, किंवा चमचाभर पाणीही पोटात ठरत नाही. तान्ही मुलं, गरोदर बाया आणि म्हाताऱ्यांसाठी खुणांची वाट न बघता आधीच दाखवा. हे विष क्वचित यकृतावरही जातं, म्हणून डोळे पिवळे होणं आणि असामान्य झोप या दोन खुणा हलक्यात घेऊ नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी सांगायच्या: खीर कधी उतरवली, कधी खाल्ली, पहिली उलटी कधी झाली. आमच्या ११ जणींच्या वेळी हेच तीन आकडे विचारले गेले आणि मला एकच सांगता आला. उरलेल्या खिरीतली वाटीभर झाकणाच्या डब्यात भरून बर्फात किंवा फ्रीजमध्ये ठेवा, त्यावर "खाऊ नये" असं ठळक लिहा आणि आरोग्य कर्मचारी आले की त्यांच्या हातात द्या. त्या दिवशी मी घाबरून गंज आधी घासून टाकला होता, त्यामुळे तपासायला काही उरलंच नाही.